कमेंट बंद, आकडा चालू

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको. नागपुरात सक्करदऱ्यात आमच्या दुकानापुढं कोणी गाडी आडवी लावली की मी पान्हा हातात घेऊनच बाहेर येते. त्या पान्ह्यानं आजवर कोणाले मारलं नाही, पण हातात असला की बोलणं कमी लागते. माणसं गाडी काढतात.

दुकान बाबाचं. रुपराव पराते, कूलर मिस्त्री. आम्ही कोष्टी, आजोबांच्या घरी हातमाग होता. माग बंद पडले तेव्हा बाबा मोटार बांधायले शिकले, आणि मी बाबाजवळ शिकली. लहान भाऊ पियुष धरमपेठेत एका ऑफिसात लागला, त्याले तेलाचे हात नको होते. मले चालतात.

दुकानाचा एक कायदा आहे, तो बाबाचाच. कोणाचा सवाल बाकी ठेवून शटर पाडायचं नाही. सामान घेवो न घेवो, विचारलं त्याले उत्तर देऊन मगच घरी जायचं. काहून, तर उत्तर न मिळालेला माणूस घरी जाऊन स्वतःच कूलरात हात घालते, आणि कूलरात पाणी आणि करंट शेजारीच राहतात. मे महिन्यात दुकानात पाय ठेवायले जागा नसते, तरी बाबा शटर अर्धं खाली ओढून बाहेर डोकावून विचारतात, "कोणाचं राहिलं का गा?" मी लहानपणापासून हे ऐकून राहिली.

चॅनल मी काढलं. "पराते कूलरवाले." रोज तेच ते सवाल, तर एकदाच व्हिडिओ करून ठेवू, हा माझा विचार. बाबा कॅमेऱ्यापुढं उभे राहिले की त्यांची जीभ टाळूले चिकटे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडं आलं. पंप कसा बदलायचा, कूलरच्या गवताच्या ताट्या कशा भरायच्या, पंखा आवाज काहून करते, असे चाळीसेक व्हिडिओ झाले. सवाल यायले लागले. बाबा आपल्या मोबाइलवर एखाद्या पाहणाऱ्यासारखे व्हिडिओ उघडत, खालच्या कमेंट वाचत, मले उत्तर सांगत, आणि मी चॅनलच्या नावानं ते टाइप करे. बाबाची बोटं जाड, एक ओळ लिहायले त्यांले अर्धा चहा लागे.

मग दुसरी माणसं आली. माझ्या कुर्त्यावर, माझ्या गळ्यावर, मी वाकली तर त्याच्यावर लिहू लागली. पंप हा शब्द घेऊन काय काय लिहिलं ते मी इथं सांगणार नाही. पहिले पहिले मी त्यांले धुऊन काढलं. मग कंटाळा आला. माझ्या मोबाइलवर कमेंटची सूचना येणं मी बंद करून टाकलं आणि खाली पाहायचंच सोडलं. बाबा सवाल सांगतात, आपण उत्तर लिहायचं, संपलं. सवाल शोधायचा म्हणजे बाबाले ती सगळी घाण वाचतच खाली जावं लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते कधी बोलले नाहीत.

बोलले ते एका लग्नानंतर. प्रताप नगरात चुलत बहिणीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत एका काकानं मोबाइल काढून बाबापुढं धरला. त्याच्यावर माझा पंपाचा व्हिडिओ होता आणि त्याच्याखाली किती लोकांनी पाहिला तो आकडा. काका म्हणाला, "रुपराव, आता पोरगी दाखवायले पाहुणे कायले बोलावतं गा? एवढ्यांनी तं पाहून घेतली." आजूबाजूचे हसले. बाबानं ताटातला वरणभात तसाच ठेवला. मी त्या काकाले सोडणार नव्हती, पण बाबानं माझा हात धरून ठेवला, म्हणून मी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "करिष्मा, ते खाली लिहितात ना, ते बंद करून टाक. आणि तो आकडा लपव."

मी म्हटलं, "त्या काकाच्या बोलण्यावर? कुत्रे भुंकले म्हणून आपण घराचं दार काढून भिंत बांधायची का?"

"काकाचं नाही वं." बाबा कपाकडं पाहत होते. "मी रोज वाचतो. लेकीबद्दल असं वाचून बापानं गिळायचं किती?"

तेव्हा मले कळलं. मले इतकी लाज वाटली की भांडण तोंडातच विरलं. मी वर जाऊन पियुषले उठवलं. त्याची दुपारपासूनची ड्यूटी होती, लॅपटॉप घरीच होता. तो तर म्हणे, "मी कवाचा सांगून राहिलो."

सकाळची गिऱ्हाइकं सरली, बाबा जेवायले बसले, तेव्हा लॅपटॉपवर चॅनलच्या स्टुडिओत जाऊन पियुषनं सगळे व्हिडिओ एकदम निवडले. तिथं कमेंटचे तीन पर्याय होते. चालू, थांबवलेल्या, बंद. थांबवल्या तर जुन्या दिसत राहतात आणि नवीन येत नाहीत. पियुषनं विचारलं, "कोणतं करू?" मी म्हटलं, "बंद. दिसायलेच नको." त्यानं बंद केलं, खात्री विचारली तिथं खूण केली, आणि चाळीसच्या चाळीस व्हिडिओंखालची तोंडं मिटली. मग किती जणांले आवडलं ते दाखवण्याची खूण होती, ती काढली. तो आकडा गेला.

"आणि पाहणाऱ्यांचा?" मी विचारलं.

पियुषनं सगळीकडं शोधलं, मग नेटवर वाचलं. "तो लपत नाही, ताई. आवडीचा लपते, पाहण्याचा नाही. लपवायचा असंल तं व्हिडिओच खाजगी कर, मग कोणालेच दिसणार नाही."

मी खाजगी नाही केले. तेवढं माझ्यानं झालं नाही. उन्हाळा होता, लोक पाहून राहिले होते. पियुष जेवून लॅपटॉप घेऊन धरमपेठेले निघून गेला. दुकानात मी एकटीच बसली आणि आमचा पंपाचा व्हिडिओ उघडून पाहिला. खाली एक ओळ, कमेंट बंद आहेत. खरं सांगते, मले बरं वाटलं. कुणीतरी कानाजवळचा रेडिओ बंद करावा तसं. मी निवांत एका मोटारीचं वाइंडिंग काढत बसली.

बाबा उशिरा आले. जेवून जरा आडवे झाले असतील. येताना चष्मा डोळ्यांवरच होता आणि मोबाइल हातात. म्हणाले, "एक उत्तर लिहायचं आहे. जोखमीचं आहे, तू नीट लिही." मग मोबाइलवर बोट फिरवत राहिले, वर, खाली, परत वर. "हे काय झालं वं?"

"तुम्हीच म्हटलं ना बंद कर. केलं."

"नवीन बंद कर म्हटलं मी. जुनं कुठं गेलं?"

"सगळंच बंद केलं. पुसलं नाही, फक्त दिसत नाही."

बाबा स्टुलावर बसले. बाबा असे एकदम बसत नाहीत, आधी स्टूल पुसतात. "जेवता जेवता वाचलं मी," ते म्हणाले. "एका बाईनं लिहिलं होतं. तुमचा व्हिडिओ पाहून पंप बसवला, हवा चांगली येऊन राहिली, पण पाणी भरताना हाताले मुंग्या येतात. चालू ठेवू का? संध्याकाळी नळ आले की माझी पोरगी भरते."

माझ्या हातातली तार खाली पडली.

सांगायले नको, तरी सांगते. मुंग्या येणं म्हणजे कूलरच्या अंगात करंट उतरला. कधी नुसत्या मुंग्यांवर भागते. कधी जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात, हात ओले असतात, आणि मग भागत नाही. दर उन्हाळ्यात नागपुरात अशी एक तरी बातमी येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी बाबा दुकानात कोणाशी बोलत नाहीत. आणि इथं तर आमचा व्हिडिओ पाहून बसवलेला पंप, आणि भरणारी एक पोरगी.

"कोण बाई?" मी विचारलं.

"नाव नाही पाहिलं. तिच्या फोटोत पिवळं फूल होतं."

"कोणता व्हिडिओ?"

"पंपाचा."

पंपाचे सात-आठ होते. मी बाहेर पाहिलं. ऊन समोरच्या भिंतीवरून चढत चाललं होतं. आमच्याकडं नळ येतात ती वेळ फार लांब नव्हती, आणि तिच्याकडं केव्हा येतात देव जाणे. मी पियुषले फोन लावला. लागला नाही. त्याच्या ऑफिसात आत जाताना मोबाइल बाहेर जमा करावा लागते.

"मग उघड ना इथूनच," बाबा म्हणाले.

"मोबाइलवर सगळे एकदम नाही होत. एकेक व्हिडिओ उघडून करावा लागंल." आणि मग मी थांबली. "बाबा, उघडलं तर ते पण सगळं परत दिसंल. जसंच्या तसं."

मी तुम्हाले माझ्या मनातलं खरं सांगते, नाही तर ही गोष्ट सांगायचा फायदा नाही. त्या घडीले मले वाटलं, नको. दुपारपासून किती शांत होतं. मी म्हटलं, "तिनं दुसऱ्या कोणाले विचारलं असंल. शेजारी असतील, मिस्त्री असंल. सगळं जग काय आपल्यावरच बसलं आहे का?"

"तिनं आपल्याले विचारलं," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "उत्तर नाही आलं म्हणजे ती काय समजंल? हरकत नसंल, म्हणून मिस्त्री बोलला नाही."

मी मोबाइल उचलला.

पहिला व्हिडिओ. पेन्सिलीचं चिन्ह, खाली अजून पर्याय, कमेंट, चालू, सेव्ह. मग व्हिडिओ उघडून कमेंट नवीन आधी अशा लावायच्या. बाबा मागं उभे राहून माझ्या खांद्यावरून वाचून राहिले होते. मी म्हटलं, "तुम्ही नका पाहू." ते म्हणाले, "फूल तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं." ते खरंच होतं. तर आम्ही दोघं बापलेक एका मोबाइलवर वाकून, माझ्याबद्दल जगानं काय काय लिहिलं ते वाचत खाली गेलो. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. माझे कान भाजून निघाले. बाबाचा श्वास मले ऐकू येत होता. एका ठिकाणी ते थांबले, मग म्हणाले, "पुढं चल." पहिल्यात पिवळं फूल नव्हतं.

दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात नेट अडकलं, गोल गोल फिरत राहिलं. मी मोबाइल हवेत धरून दुकानाबाहेर गेली. समोरच्या घरची बाई पाइप घेऊन नळाशी येऊन उभी होती.

"आले का नळ?" मी विचारलं.

"येतीलच आता."

मी आत पळाली. चौथ्या व्हिडिओत एक फारच घाणेरडी कमेंट होती, जुनी. तिच्याखाली उत्तरं होती, ती दाबल्याशिवाय दिसत नाहीत. मले ती उघडायची नव्हती. बाबा म्हणाले, "उघड. कोणत्या खोपच्यात असंल सांगता नाही येत." मी उघडली, आणि पिवळं फूल दिसलं.

"हेच," बाबा म्हणाले. "हेच फूल."

पण तो सवाल नव्हता. नाव होतं रोशनी. त्या घाणेरड्या माणसाले तिनं लिहिलं होतं, "ती पोरगी मशीन शिकवून राहिली. तुले शिकायचं नसंल तं पुढं जा, तिचं तोंड काहून पाहून राहिला." त्याच्यावर त्यानं तिलेच घाण लिहिलं होतं. तिनं परत लिहिलं होतं, "मी दोन वेळा पाहून पंखा दुरुस्त केला. तू काय केलं ते सांग."

मले काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी खालीच पाहत नव्हती, आणि खाली एक बाई माझ्यासाठी भांडून राहिली होती, एकटी, माझ्यासारखीच भांडखोर. आणि दुपारी मी बंद करायले लावलं तेव्हा त्या घाणीबरोबर तिचंही तोंड बंद केलं होतं, तिनं जीव मुठीत धरून एक सवाल विचारला त्याच्यासकट. डोळे भरून आले तर अक्षरं दिसेनात. बाबा म्हणाले, "रडू नको आता. सवाल शोध."

पाचवा व्हिडिओ. चालू, सेव्ह, नवीन आधी. सगळ्यात वर पिवळं फूल, आणि तोच मुंग्यांचा सवाल.

मी लिहायले लागली आणि माझी बोटं बाबासारखी जाड झाली. बाबा सांगत होते, हळू, एकेक शब्द. आधी घराचं मेन बटन बंद करा. कूलरचं नुसतं बटन बंद करून भागत नाही. मेन बंद झाल्यावर कोरड्या हातानं प्लग काढा. तोपर्यंत कूलरले आणि पाण्याले कोणीच हात लावू नका. पोरीले लांब ठेवा. मिस्त्री पाहिल्याशिवाय लावू नका. खाली दुकानाचा नंबर. मी पाठवलं.

मग काही करायचं उरलं नाही. ते सगळ्यात वाईट. तिच्या मोबाइलवर उत्तराची सूचना गेली असंल, तिनं बंद ठेवली नसंल तर. मोबाइल जवळ असंल तर. बाबा आपल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ उघडून बसले आणि पाहणाऱ्यांच्या आकड्याकडं टक लावून राहिले. हा व्हिडिओ फार चाललेला नव्हता. मधातच म्हणाले, "एक वाढला. ती असंल का?"

"कोणीही असंल. आणि तो आकडा लगेच हलत पण नाही, बाबा."

"असू दे." परत ताजं करून पाहिलं. काल ज्या आकड्यापायी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, त्याच्याकडंच आता ते हात जोडल्यासारखे पाहून राहिले होते. बाहेर समोरच्या घरी नळाची धार बादलीत पडल्याचा आवाज आला. बाबानं डोळे मिटले.

एक गिऱ्हाईक आलं, पंखा घेऊन. मी त्याले म्हटलं, "दादा, बाहेर थांबा जरा." तो काही बोलणार होता, माझं तोंड पाहून थांबला.

दुकानाचा फोन वाजला. बाबानं उचलला आणि माझ्यासाठी स्पीकर लावला. पलीकडं एक लहान आवाज होता.

"हॅलो, ते कूलरवाले का?"

"हो बेटा. कोण?"

"मी उमरेडहून बोलून राहिली. आई कामावर गेली. मोबाइल घरीच ठेवून गेली. त्याच्यावर तुमचं आलं, मी वाचलं." मग म्हणाली, "नळ आले. मी बादली भरून आणली. कूलर चालू आहे. टाकू का नको?"

बाबाचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. पण आवाज असा काढला की जणू रोजचंच गिऱ्हाईक आहे. "नको टाकू बेटा. बादली आहे तिथंच खाली ठेव. ठेवली?"

"हो."

"पायात चप्पल आहे?"

"नाही."

"मग आता मागं मागं ये. कूलरले हात नको लावू, बटनाले पण नको. दाराबाहेर ये. आली?"

दार वाजल्याचं ऐकू आलं. मग, "आली."

"शाब्बास. आता शेजारी कोण मोठं माणूस आहे, त्याले आवाज दे. त्याले फोन दे."

शेजारी एक काका आले. बाबानं त्यांले मेन बटन कुठं आहे ते विचारलं, तिथपर्यंत कोरड्या जागेनं जायले लावलं, बंद करायले लावलं, पंखा थांबला का ते विचारलं, आणि मग प्लग काढायले लावला. काका आतून ओरडून सांगत होते, "काढला भाऊ, काढला." बाबा म्हणाले, "आता मेन चालू केलं तरी हा प्लग नाही लावायचा. मी उद्या सकाळी येतो. पत्ता सांगा." मग पोरीले परत फोनवर घेऊन म्हणाले, "आई आली की सांग, उशीर झाला उत्तर द्यायले. आमची चूक झाली."

फोन ठेवला आणि बाबा स्टुलावर बसून राहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मी त्यांच्यापुढं खाली बसली आणि ते हात धरले. पंगतीत त्यांनी माझा धरला होता तसे. बाहेरचा पंखेवाला आत डोकावून म्हणाला, "येऊ का?" मी म्हटलं, "या." आणखी काय म्हणणार.

अंधार पडताना रोशनीचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, "घरी आली. पोरगी बादलीजवळ बसून होती, सगळं सांगितलं. मी दुपारपासून कामावर मनात म्हणत होती, निघेपर्यंत उत्तर नाही आलं म्हणजे हरकत नसंल." बाबाचं बोलणंच होतं ते, जवळजवळ शब्दाले शब्द. मी ते त्यांले वाचून दाखवलं नाही. त्यांनी स्वतःच वाचलं, आपल्या मोबाइलवर.

पियुष आला तेव्हा मी त्याले सगळं सांगितलं. तो बिचारा पांढरा पडला. म्हणाला, "मग काय, सगळं परत चालू करायचं?" मी बाबाकडं पाहिलं.

"चालू राहू दे," बाबा म्हणाले. "पण नवीन लिहिलेलं आधी आपल्याकडं थांबंल आणि आपण पाहून सोडू, असं काही असते का गा?"

असते. सगळ्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरता येतात. पियुषनं सगळ्या व्हिडिओंवर कमेंट चालू करून तसं लावून दिलं. आधीच दिसत असलेल्या त्याच्यानं हटत नाहीत, त्या एकेक हातानं काढाव्या लागल्या. मग बाबा म्हणाले, "थांबलेलं वाचायचं काम माझं. करिष्मानं नाही पाहायचं."

तिथं मी भांडली. "काहून? लिहिलं माझ्यावर, आणि गिळायचं तुम्ही? आणि तुम्हाले चार दिवस ताप आला तर? तेवढ्यात कोणाचा सवाल त्या ढिगात पडून राहिला तर?" मग ठरलं, दोघांनी मिळून. दुकान आवरलं की बाबा स्टूल पुसतात, चष्मा लावतात, मी शेजारी बसते. घाण दिसली की मी काढून टाकते, सवाल दिसला की सोडते आणि उत्तर लिहिते. एखादं फारच वाईट असलं की बाबा म्हणतात, "पुढं चल." मी पुढं जाते. मले आता कान भाजल्यासारखं होत नाही असं मी म्हणणार नाही. होते. पण एकटीले होत नाही.

उमरेडचा तो पंप बाबानं दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला. तार चिरली होती आणि घराले अर्थिंगच नव्हती. पोरीनं बाबाले चहा करून दिला, आणि रोशनीनं माझ्यासाठी कैरीचं लोणचं पाठवलं.

पंगतीतला तो काका परवा दुकानात आला होता, कूलर दुरुस्तीले. मी पान्हा हातात घेतला होता. बाबा म्हणाले, "राहू दे वं, गिऱ्हाईक आहे." मग त्या काकानं परत तोच मोबाइल काढला, तोच आकडा दाखवला, आता आणखी वाढला म्हणे. बाबानं चष्मा लावून तो आकडा नीट पाहिला. मग मोबाइल त्याले परत दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "एवढ्यांतल्या कोणाच्या घरी मुंग्या येत असतील, पाहा वं. कोणाचं राहिलं का?"